एक निकाल, तीन पत्ते

माझ्या सीनियरना दोन गोष्टी मनापासून आवडत नसत: थंड चहा आणि ज्युनिअरनं सुनावणीत तोंड उघडणं. पहिली चूक चहावाल्याकडून रोज व्हायची. दुसरी माझ्याकडून आयुष्यात एकदाच झाली, आणि त्या एकदाची गोष्ट मी अजून लोकांना सांगते. पंचवीस वर्षं मी ती विनोदी किस्सा म्हणून सांगत आले. ती पुरती विनोदी नाही हे मला बरंच उशिरा कळलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी मूळची सांगलीची, सनद घेऊन साताऱ्याला ज्युनिअर म्हणून लागलेले. आमच्याकडे एक बाई आल्या. सातारा जिल्ह्यातल्याच एका गावच्या, बौद्ध वस्तीतल्या, तिशी ओलांडलेल्या. गावच्या समाजमंदिरात चार वर्षं त्या फुकट बालवाडी चालवत होत्या. गावाला अंगणवाडी मंजूर झाली आणि सेविकेच्या एका जागेसाठी मुलाखती झाल्या. निवड समितीत सरपंच होते, आणि उमेदवारांत सरपंचांची सून. सुनेचं नाव पुकारल्यावर सरपंच रीतसर उठून बाहेर गेले, पान खाऊन परत आले, आणि उरलेल्या सगळ्यांच्या मुलाखतींना त्यांनी गुण दिले. आमच्या बाईंना वीसपैकी चार. सून पहिली आली.

"मी चार वर्षं पोरं सांभाळली, मला चार मार्क. वर्षाला एक," बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. वयाची अट ओलांडायला त्यांना थोडेच महिने राहिले होते. ही जागा गेली की पुन्हा अर्ज करता येणार नव्हता.

निवडीविरुद्धची तक्रार एका सरकारी कार्यालयात, एका साहेबांपुढे चालायची होती. कुठलं कार्यालय ते सांगत नाही. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला कायद्याची भीती वाटायची, आणि भीती वाटणारा माणूस करतो ते तो करायचा: मोजायचा. कुणा वकिलानं आधाराला किती निकाल दाखवले, याचा आकडा टिपणाच्या समासात लिहायचा. "तुमचे तीन, त्यांचे पाच," असं तो क्रिकेटचा स्कोअर सांगितल्यासारखा सांगे. साताऱ्यातले निम्मे वकील म्हणून त्याच्यासमोर निकालांची जाडजूड यादी लावत. यादीत पक्षकारांची नावं नसतच. नावं इंग्रजीत, लांबलचक, टायपिस्ट कंटाळायचा. नुसते आकडे टाइप केले की एका पानात बारा निकाल मावत. या नाव न लिहिण्याच्या सवयीनं पुढचं सगळं रामायण घडवलं.

आमच्या सीनियरकडे बाईंच्या बाजूचा एकच निकाल होता, पण असा की सरपंचांचं पान खाणं सुप्रीम कोर्टानं जणू समोर बसून पाहिलं असावं. जंगलखात्याच्या नेमणुकांचा खटला. निवड मंडळावर बसलेला एक अधिकारी स्वतःच उमेदवार होता. स्वतःच्या नावाची चर्चा निघाली तेव्हा तो उठून गेला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा झाली तेव्हा हजर राहिला. पाच न्यायमूर्तींनी सगळी निवड रद्द केली. स्वतःच्या प्रकरणात स्वतःच न्याय करायचा नाही, हे तत्त्व कोर्टाला जसं लागू तसं कार्यालयातल्या कारभारालाही, असं त्यांनी सांगितलं. सीनियरनी मला चिठ्ठी दिली: एआयआर १९७० एससी १५०.

हा आकडा मी तेव्हा जेमतेम वाचायला शिकले होते. एआयआर हे रिपोर्टचं, म्हणजे निकाल छापणाऱ्या मालिकेचं नाव. १९७० हे त्या खंडाचं साल. एससी म्हणजे सुप्रीम कोर्टाचा विभाग. १५० म्हणजे निकाल जिथं सुरू होतो ते पान. हा पुस्तकातला पत्ता आहे, निकालाची जन्मतारीख नाही. हे मला माहीत होतं, पण जाणवलं नव्हतं. पाठ केलेल्या बऱ्याच गोष्टींचं असंच असतं.

सुनावणीच्या दिवशी सरपंचांच्या वकिलांनी आपली यादी ठेवली. गृहस्थ रुबाबदार, आवाज खणखणीत, वाचनाचा कंटाळा दांडगा. ते निकाल वाचत नसत. डायजेस्टमधून, म्हणजे निकालांच्या सारसंग्रहातून, आकडे उतरवून घेत. त्यांचा हुकमाचा निकाल होता: (१९६९) २ एससीसी २६२. ही दुसरी मालिका. कंसातलं साल खंडाचं, मग खंड दुसरा, मग पान. सोबत एकाच पानाची झेरॉक्स, तीही मधल्याच पानाची.

"साहेब, सुप्रीम कोर्ट काय म्हणतं?" त्यांनी झेरॉक्स फडकावली. "नैसर्गिक न्यायाचे नियम ठरीव नाहीत. कुठं कोणता लावायचा ते त्या त्या प्रकरणाच्या परिस्थितीवर अवलंबून. आमच्या गावची परिस्थिती काय? सरपंच उठून गेले! अजून काय करायचं माणसानं? गाव सोडून जायचं?"

साहेबांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"तुमचा निकाल एकोणसत्तरचा," ते सरपंचांच्या वकिलांना म्हणाले. "यांचा सत्तरचा. म्हणजे नंतरचा. नंतरच्यानं आधीचा मोडीत निघाला. सरळ आहे की! सोमवारी ऑर्डर देतो."

आमच्या सीनियरनी गार चहा तक्रार न करता प्यायला. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना मी बोटांनीच खूण केली की जिंकतोय. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या.

कागद गोळा करताना ती झेरॉक्स माझ्या हाताखाली आली. चौथ्या ओळीला मला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. आमच्या निकालाचं टिपण मीच काढलं होतं. त्यातली वाक्यं मला पाठ होती. हे वाक्य त्यातलंच. पुढचंही. स्वल्पविरामसुद्धा तोच.

साताऱ्याच्या लायब्ररीत दुसऱ्या मालिकेचे ते जुने खंड नव्हते. शनिवारी सकाळी मी सांगलीची एसटी पकडली. आमच्या गल्लीजवळ एक निवृत्त वकील राहायचे, त्यांच्याकडे सगळ्या मालिका होत्या. वकिली सोडून ते हळदीचा व्यापार बघत होते. त्यामुळे १९६९ आणि १९७० ही दोन्ही सालं मला पोत्यांच्या मागून, हळदीनं पिवळी होऊन मिळाली. ओळीनं तीन पुस्तकं उघडी ठेवली. एआयआरमध्ये पान १५०. एससीसीमध्ये पान २६२. आणि तिसरी, सुप्रीम कोर्टाची स्वतःची सरकारी मालिका, (१९७०) १ एससीआर ४५७, जिच्या पानांच्या समासात ए पासून एच पर्यंत अक्षरं असतात. पक्षकार तेच. रिट अर्जांचे नंबर तेच. पाच न्यायमूर्ती तेच. आणि निकालाची तारीख तिन्ही ठिकाणी एकच: २९ एप्रिल १९६९.

एकच निकाल. एका छापखान्यानं त्याच साली छापला, दुसऱ्या दोघांनी पुढच्या सालच्या खंडात घेतला, एवढंच. सुरुवातीचा सारांश मात्र तिन्हीकडे वेगळा होता.

"तो सारांश संपादकाचा असतो," म्हातारबुवा म्हणाले. "हेडनोट म्हणजे निकाल नव्हे. निकाल खाली सुरू होतो. आणि मधलं एक पान म्हणजेही निकाल नव्हे." मग त्यांनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली. आधी पक्षकारांची नावं. मग तिन्ही पत्ते, मध्ये बरोबरचं चिन्ह टाकून. "स्वल्पविराम टाकलास तर वाचणाऱ्याला तीन निकाल वाटतील. बरोबर टाकलंस की एक. नाव मात्र कधी गाळायचं नाही. आकडा चुकला तर नावावरून निकाल सापडतो. नाव गाळलंस तर आकडा एकटा पडतो."

मी त्यांना साहेबांचा सिद्धांत सांगितला. ते इतके हसले की हळद उडाली. हसून झाल्यावर मात्र गंभीर झाले.

"म्हणजे ऑर्डरीत असं लिहिलं जाणार की सुप्रीम कोर्टाच्या निकालानं स्वतःलाच मोडीत काढलं? पोरी, उद्या सरपंच हायकोर्टात गेले की पहिल्या पाच मिनिटांत हे बाहेर येईल. आणि साहेबाला तेव्हा नवीन कारण जोडता येणार नाही. ऑर्डर तिच्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकायची; मागाहून अॅफिडेव्हिट करून ती सुधारता येत नाही." हेही त्यांनी पत्त्यासकट सांगितलं: एआयआर १९७८ एससी ८५१, म्हणजेच (१९७८) १ एससीसी ४०५. हळदीचा हिशेब विसरतील, पण पान विसरायचे नाहीत.

परतीच्या एसटीत मी कऱ्हाडपर्यंत एकच विचार करत होते. गप्प बसलो तर सोमवारी बाई जिंकतात, आणि वर्षभरानं मुंबईत हरण्याची भीती; तोवर वय निघून गेलेलं. बोललो तर सोमवारी काय होईल ते देवालाच ठाऊक. मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला होता, हेही कबूल करते. तीन पुस्तकं ताडून सत्य शोधणारी मुलगी! कऱ्हाडला वडापाव खाताना माझं ठरलं.

सोमवारी सीनियरना सांगितलं. ते जिन्यातच थांबले.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? जिंकलेलं प्रकरण आहे!"

"पण सर, तो निकाल एकच आहे."

"एकच आहे तर आपलाच आहे ना? गप्प बसा."

आत साहेबांची ऑर्डर टाइप होऊन सहीसाठी तयार होती. साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि मी उभी राहिले. सीनियरनी माझी ओढणी मागून खेचली, असं म्हणतात. मला तर काहीच जाणवलं नाही.

"साहेब, दोन्ही निकाल एकच आहेत."

साहेबांनी पेन तसंच धरलं. "तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"तक्रारदारांच्या."

"मग असं का बोलता?"

मी सांगलीहून आणलेली तिन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली. टेबल पिवळं झालं. साहेबांनी तिसऱ्या पुस्तकाकडे बोट केलं. "हे काय?"

"हाही तोच."

"म्हणजे तीन झाले!" साहेबांनी घाईनं समासात तीन लिहिलं.

"तीन नाही साहेब, एकच. तीनदा छापलाय."

"सुप्रीम कोर्ट एक निकाल तीनदा कशाला देईल?"

"दिला एकदाच. छापणारे वेगळे आहेत."

सरपंचांच्या वकिलांना इतक्यात संधी दिसली. "साहेब, एकच असेल तर मग तो माझा! मी आधी दाखल केला, त्यांच्या अर्धा तास आधी." आमचे सीनियर, जे मला गप्प करायला निघाले होते, ते यावर इतके भडकले की माझ्याच बाजूनं ओरडायला लागले. निकालाची मालकी कुणाची यावर दोन ज्येष्ठ वकील दहा मिनिटं भांडले. एकाच कोंबड्यावर हक्क सांगणारे दोन शेजारी असावेत तसं चाललं होतं. शिपाई दारातून बघत होता, त्याच्या मागं अर्ज घेऊन आलेले चार लोक, आणि त्यांच्या मागं आमच्या बाई.

शेवटी साहेबांनी अक्कल वापरली. त्यांना तेवढं श्रेय मी आजही देते. त्यांनी एआयआर सरपंचांच्या वकिलांच्या हातात दिलं, एससीसी आमच्या सीनियरच्या, आणि एससीआर स्वतः घेतलं.

"तुम्ही मोठ्यानं वाचा. आम्ही दोघं आमच्यात बघतो. एक शब्द जरी वेगळा निघाला तरी दोन निकाल."

आणि मग त्या कार्यालयात सुप्रीम कोर्टाचं पारायण झालं. सरपंचांचे वकील खणखणीत आवाजात इंग्रजी वाचू लागले, साहेब आणि सीनियर ओळीवर बोट ठेवून "हां", "हां" करू लागले. पानं वेगवेगळ्या वेळी उलटत. एकाचं पान संपलं की दुसरा म्हणे, "थांबा, माझं चाललंय." त्या वकिलांनी आपल्या हुकमाचं वाक्य मोठ्या दिमाखात वाचलं. पण वाचन थांबवता येईना, कारण साहेब बोट पुढे सरकवतच होते. तो निकाल ते वकील जन्मात पहिल्यांदाच सलग वाचत होते. मंडळावरचा सभासद उठून गेला होता, तरी बाकीच्यांची तुलना होताना हजर होता, म्हणून निवड टिकत नाही, इथपर्यंत आले तेव्हा त्यांचा आवाज खाली खाली गेला.

"मोठ्यानं," साहेब म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाचलं. तिन्ही पुस्तकांत तेच होतं.

साहेबांनी टाइप झालेली ऑर्डर उचलली, मधोमध फाडली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन आठवडे थांबा आता. मला हा निकाल नीट वाचायला लागणार." दारात उभ्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना फक्त ऑर्डर फाटताना दिसली. त्या तिथंच मटकन खाली बसल्या.

तीन आठवड्यांनी ऑर्डर आली. निवड रद्द, त्याच उमेदवारांच्या मुलाखती पुन्हा, सरपंच समितीबाहेर. कारणं स्वच्छ, पक्षकारांची नावं, तिन्ही पत्ते. कार्यालयाच्या टाइपरायटरवर बरोबरची कळ अडकत होती म्हणून टायपिस्टानं दर वेळी "म्हणजेच" लिहिलं होतं. सरपंच हायकोर्टात गेले आणि पहिल्याच तारखेला हात हलवत परत आले. पुन्हा झालेल्या मुलाखतींत बाईंची निवड झाली. साताऱ्याच्या बाररूममध्ये माझं नाव झालं. सीनियर आठवडाभर बोलले नाहीत, मग एक दिवस गार चहावरून ओरडले आणि सगळं मिटलं.

आता निकालांना कोर्टच क्रमांक देतं: निकालाचं साल, कोर्टाचं संक्षिप्त नाव, ओळीनं आलेला नंबर. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये ही पद्धत आणली आणि जुन्या निकालांनाही असे क्रमांक दिले. कुणीही, कधीही छापो, क्रमांक एकच, आणि साल निकालाचंच. पानाऐवजी परिच्छेदाचा आकडा सांगायचा. ज्युनिअरना हे समजावताना मी साहेबांचा किस्सा सांगते, आणि पोरं पोट धरून हसतात. माझी फुशारकीही त्यात येतेच: जिंकणारी बाजू असूनही मी खरं बोलले.

दोन वर्षांपूर्वी त्या गावावरून जाणं झालं. बाई आता निवृत्त. ओळख दिली, चहा झाला, आणि मी न राहवून तो किस्सा त्यांच्यासमोरच सुरू केला. त्या ऐकत राहिल्या. पारायणापाशी आल्यावर हसल्यासुद्धा.

मग कपबशी उचलता उचलता म्हणाल्या, "ताई, एक इचारू का? राग न्हाई ना येनार?"

"विचारा की."

"त्या निकालात काय हुतं म्हनला? ज्याचं नुस्कान हुनार त्याला आदी इचारावं?"

"त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय ठरवू नये. हो, तेही नैसर्गिक न्यायातच येतं."

"आन् आपल्या फायद्याच्या कामात आपनच न्याव करू न्हाई."

"हो."

"तुमी सांगलीस्नं आला तवा तुमाला ठावं हुतं, उबं राह्यलं तर माजी आर्डर फाटंल. मी भाईर बाकड्यावरच बसल्याली. दारातनं चार पावलं." आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं. "चांगलं झालं, म्हनून चांगलं. पर तीन आठवडं मी जेवले न्हाई. तुमी बराबरच केलं आसंल. पर नोकरी माजी हुती, आन् तुमी मला इचारलंच न्हाई."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्या बशीत दुसरं बिस्कीट ठेवलं आणि त्या कपबशा घेऊन आत गेल्या.